दोन ‘मिल’ म्हणजे किती जाड?

अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने २ मिल जाडीच्या पिशव्या मागवल्या की आपल्याकडे हमखास घोळ होतो, कारण आपण मिलिमीटरलाही बोलताना ‘मिल’च म्हणतो. त्यांचा मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रॉन. म्हणजे ही पिशवी ५०.८ मायक्रॉनची. हजाराने भागलं की ०.०५०८ मिलिमीटर. २ मिलिमीटर समजलात तर माल जवळजवळ चाळीसपट जाड. ती पिशवी नव्हे, पाटच!

माल आल्यावर साध्या मायक्रोमीटरवर एकच पदर मोजू नका, त्यात फरक कळत नाही. दहा पदर हवा न राहता दाबून मोजा, ०.५१ मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. आणि मिटलेल्या पिशवीचे पदर दोन असतात, हे विसरू नका.