वाऱ्याकडची वीट

गिरणगावातली विटांची धुराडी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना कधी ना कधी प्रश्न पडला असेल: ना लोखंडी सळ्या, ना ताणाच्या तारा, मग पावसाळी वाऱ्यात ही उभी कशी राहतात? उत्तर त्यांच्या वजनात आहे. मात्र हे वजन पुरतं की नाही, हे पायथ्याच्या एकाच ठिकाणी तपासावं लागतं. ते ठिकाण म्हणजे वारा ज्या बाजूने येतो, तिथली सर्वांत खालची वीट.

वारा धुराड्याला ढकलतो तेव्हा धुराडं पलीकडे वाकू पाहतं. पलीकडची बाजू अधिक दाबली जाते आणि वाऱ्याकडची उचलली जाऊ पाहते. तिला खाली दाबून धरायला असतं ते फक्त वरच्या बांधकामाचं वजन. चुना असो की सिमेंट, विटांमधला मसाला दाब उत्तम सोसतो. ताण मात्र त्याला जवळजवळ सोसत नाही. म्हणून वाऱ्याकडच्या कडेला वजनाचा दाब जास्त की वाऱ्याचा ताण, हाच हिशेब.

एक काल्पनिक धुराडं घेऊ. उंची 30 मीटर, बाहेरचा व्यास 3 मीटर, आतला 2 मीटर, वरपासून खालपर्यंत सारखाच. वीटकामाचं वजन घनमीटरला साधारण 2 टन. मग पायथ्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर 30 मीटर उंचीचा स्तंभ उभा आहे, म्हणजे दाब 60 टन. भिंत जाड केली तरी हा आकडा बदलत नाही, कारण वजन वाढतं तशी ते पेलणारी जागाही वाढते.

आता वारा. सपाट भिंतीवर चौरस मीटरला 150 किलो दाब धरला, तर गोल अंगावरून वारा घसरून जात असल्याने त्याचे दोन तृतीयांश, म्हणजे 100 किलोच मोजायचे. समोरून दिसणारं क्षेत्र 3 गुणिले 30, म्हणजे 90 चौरस मीटर; एकूण जोर 9 टन. तो उंचीच्या मध्यावर, 15 मीटरवर लागतो असं मानतात. म्हणून पायथ्याशी उलथवणारा जोर 135 टन-मीटर. पायथ्याच्या कड्याचा आकार वाकण्याला किती दाद देत नाही, याचं माप या धुराड्यासाठी 2.13 घनमीटर येतं. भागाकार केला की कडेवरचा ताण चौरस मीटरला सुमारे 63.5 टन.

दाब 60, ताण 63.5. वाऱ्याकडच्या विटेवर साडेतीन टन ताण शिल्लक राहिला! पलीकडच्या कडेवर मात्र दोन्हींची बेरीज होऊन दाब साडेएकशेतेवीस टनांच्या आसपास जातो.

हेच धुराडं 28 मीटरच ठेवलं तर? वजनाचा दाब 56, वाऱ्याचा ताण 55.3. पाऊण टनाच्या आतबाहेर का होईना, वीट दाबलेलीच राहते. वजनाचा दाब उंचीच्या प्रमाणात वाढतो, वाऱ्याचा ताण उंचीच्या वर्गाने. त्यामुळे दोन मीटरही महाग पडतात. इलाज उंची कापण्याचा नाही. बांधणारे पायथा रुंद ठेवून धुराडं वर निमुळतं करत नेतात. तळाचं कडं मोठं झालं की वाकण्याला दाद न देण्याची त्याची ताकद झपाट्याने वाढते.

थोडा ताण आला म्हणून धुराडं लगेच कोसळत नाही. वाऱ्याकडचा आडवा सांधा उघडतो, भार उरलेल्या भागावर सरकतो आणि पलीकडची कड जास्त दाबली जाते. वारा दिशा बदलतो तसे दुसऱ्या बाजूचे सांधेही उघडझाप करतात, त्यात पाणी शिरतं, मसाला झडतो. पायथ्याजवळची आडवी, सांध्यासांध्यातून धावणारी भेग म्हणूनच उभ्या भेगेपेक्षा वेगळी वाचायची असते.

जाहिरात फलकाला हा आधार मुळीच नाही. पत्रा आणि लोखंडी सांगाडा हलका. वाऱ्याच्या मानाने स्वतःचं वजन नगण्य. म्हणून फलकाच्या वाऱ्याकडच्या खांबात ताण येणारच, हे गृहीत धरून तो सोसायला बोल्ट आणि जड काँक्रीटचा पाया द्यावा लागतो. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला वादळात पडलेला फलक 120 फूट लांब आणि तितकाच उंच होता; मुंबईत मर्यादा 40 गुणिले 40 फुटांची. क्षेत्र नऊपट. सगळी उंची त्याच प्रमाणात वाढली असं धरलं, तर पायाला उलथवणारा जोर सत्तावीसपट. मुंबईसाठी भारतीय मानकातला मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला 44 मीटर. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे 118 किलो. एवढ्या फलकावर तो दीडशे टनांच्या वर जातो, तोही आकाराचा गुणक लावण्याआधी.

त्या दुर्घटनेत 17 जणांचा जीव गेला. फलकाला परवानगी देताना पत्र्याचा आकार आणि जाहिरातीचं भाडं पाहण्याआधी पायाचा हा हिशेब मागायला हवा.