बाटलीवरची छापील तारीख आणि खरी मुदत

कॉलेजातल्या रसायनशास्त्र विभागाच्या स्टोअररूममध्ये शे-दोनशे बाटल्या सहज असतात. त्यांचा हिशोब बहुतेक ठिकाणी कन्झ्युमेबल रजिस्टरमध्ये सापडतो. माल कधी आला, बिल नंबर काय, किती वापरला, शिल्लक किती, हे त्यात लिहिलेलं असतं. पैशांच्या हिशोबाला तेवढं पुरतं. पण बाटलीचं सील कधी तोडलं, ती कोणाच्या शेजारी ठेवली आहे आणि तिची मुदत उलटल्यावर नेमकं काय होणार आहे, यातलं काहीच त्या रजिस्टरमधून कळत नाही. आता बऱ्याच विभागांनी गूगल शीटवर सगळ्यांना दिसेल अशी यादी ठेवायला सुरुवात केली आहे. ती कशी मांडावी, हे एका बाटलीवरून नीट समजतं. ती बाटली आहे डायइथाइल इथरची, म्हणजे प्रयोगशाळेत ज्याला नुसतं ‘इथर’ म्हणतात त्याची.

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात दोन सेंद्रिय पदार्थांचं मिश्रण वेगळं करायला इथर वापरतात. एक पदार्थ इथरमध्ये विरघळतो, दुसरा मागे राहतो. मग वॉटर बाथवर इथर उडवून टाकलं की विरघळलेला पदार्थ हाती येतो. धोका नेमका या शेवटच्या पायरीत आहे. बाटली एकदा उघडली की हवेतल्या ऑक्सिजनशी इथरची हळूहळू क्रिया होते आणि पेरॉक्साइड तयार होतात. उत्पादक बहुधा ही क्रिया मंदावणारा पदार्थ इथरमध्ये मिसळतात, पण तोही कालांतराने संपतो. पेरॉक्साइड इथरसारखे उडून जात नाहीत. इथर उडत जातं तसतसे ते भांड्याच्या तळाशी साचतात, आणि असा साठा उष्णतेने किंवा घर्षणाने स्फोट पावू शकतो.

आता या बाटलीच्या तारखा पाहू. समजा, बाटली जुलै २०२५ मध्ये आली आणि तिच्यावर मुदत छापली आहे ऑगस्ट २०२७. ही मुदत उत्पादकाने सीलबंद बाटलीसाठी दिलेली असते. सील तोडलं ४ ऑगस्ट २०२५ रोजी. उघडलेल्या इथरसाठी बऱ्याच प्रयोगशाळा सहा महिन्यांची मर्यादा पाळतात, काही तीनच महिन्यांची. सहा महिने धरले, तरी या बाटलीची खरी मुदत ४ फेब्रुवारी २०२६ ला संपते. छापील तारखेच्या भरवशावर राहिलं, तर त्यानंतरचं दीड वर्ष ती बाटली बिनदिक्कत वापरली जाईल, आणि त्यात वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षाही येईल.

म्हणून शीटमध्ये एका रसायनाला एक ओळ देऊन भागत नाही. प्रत्येक बाटलीला स्वतंत्र ओळ आणि स्वतंत्र क्रमांक हवा. तोच क्रमांक आणि उघडल्याची तारीख बाटलीवरही लिहिलेली हवी. साध्या मार्करची शाई सॉल्व्हंटच्या ओघळाने पुसली जाते, म्हणून चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून वरून पारदर्शक टेप लावावी. नावाशेजारी CAS क्रमांकाचा रकाना ठेवावा. इथर, डायइथाइल इथर, इथॉक्सीइथेन ही तिन्ही नावं एकाच पदार्थाची आहेत. तिघांनी तीन नावांनी नोंद केली तरी `60-29-7` या क्रमांकावरून तो एकच पदार्थ आहे हे कळतं.

समजा, F मध्ये छापील मुदत, G मध्ये उघडल्याची तारीख, H मध्ये शेवटच्या चाचणीची तारीख आणि I मध्ये उघडल्यानंतर किती महिने चालेल तो आकडा आहे. मग J मध्ये खरी मुदत काढणारं सूत्र असं होतं:

```
=IF(OR(G2="",I2=""), F2, MIN(F2, EDATE(MAX(G2,H2), I2)))
```

बाटली उघडली नसेल, किंवा उघडल्याने तिला काही फरक पडत नसेल, तर छापील मुदत तशीच राहते. उघडली असेल तर उघडल्यापासून किंवा शेवटच्या चाचणीपासून ठरलेले महिने मोजले जातात आणि दोन तारखांपैकी जी आधी येईल ती धरली जाते. मुदत उलटलेली ओळ लाल दिसावी म्हणून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हा नियम टाकायचा:

```
=AND($J2<>"", $J2<=TODAY())
```

इथवर सगळं सोपं आहे. घोटाळा होतो तो तारखा भरताना. शीटची लोकेल सेटिंग अमेरिकेची राहिली असेल, तर तिथे महिना आधी आणि दिवस नंतर वाचला जातो. आपण 04/08/2025 लिहिलं की शीट ते ८ एप्रिल समजते. त्याहून वाईट गोष्ट 31/08/2024 सारख्या तारखेची होते. एकतिसावा महिना नसल्यामुळे शीट तिला तारीख मानतच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवते. आणि तुलनेच्या वेळी मजकूर हा कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो. परिणामी मुदत कधीच संपून गेलेली ती बाटली शीटमध्ये कधीच लाल होत नाही. हे डोळ्यांनी ओळखता येतं: खरी तारीख चौकटीत उजवीकडे सरकलेली दिसते, मजकूर डावीकडे चिकटतो. उपाय दोन आहेत. सेटिंग्जमध्ये लोकेल भारताची करावी आणि तारखांच्या रकान्यांना डेटा व्हॅलिडेशन लावून वैध तारखेशिवाय काहीही स्वीकारू नये. लेबलवर फक्त महिना आणि वर्ष असेल तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस लिहावा.

सामायिक शीटमध्ये आणखी एक चूक वारंवार होते. कुणीतरी मुदतीनुसार यादी पाहायची म्हणून फक्त एक रकाना निवडून सॉर्ट करतं. मग तारखा वरखाली होतात, नावं जागच्या जागी राहतात आणि एका बाटलीची मुदत दुसरीला चिकटते. शीट वरकरणी अगदी व्यवस्थित दिसते, म्हणून ही चूक पटकन ध्यानात येत नाही. ज्यांना फक्त पाहायचं आहे त्यांनी फिल्टर व्ह्यू वापरावा, आणि घोळ झालाच तर व्हर्जन हिस्टरीतून आधीची प्रत परत आणावी.

ओळ लाल झाली, पुढे काय? इथे सगळ्या रसायनांना एकच न्याय लावून चालत नाही. मिठाची, म्हणजे सोडियम क्लोराइडची कोरडी, बंद बाटली छापील मुदतीनंतरही साध्या प्रात्यक्षिकाला चालते. फेरस सल्फेटचे हिरवट स्फटिक हवेने पिवळट-तपकिरी पडतात. त्यात धोका वाढत नाही, पण त्यावरून केलेलं टायट्रेशन चुकतं. इथरमध्ये मात्र धोकाच वाढतो. म्हणून शीटमध्ये ‘मुदत संपल्यावर’ असा रकाना हवा आणि त्यात तीनच पर्याय हवेत: चालेल, तपासून वापरा, वापर थांबवा. हा रकाना नसला की लाल ओळींची गर्दी होते, आणि त्या गर्दीत खरी घातक बाटली नजरेआड जाते.

आपल्या इथरच्या ओळीत ‘वापर थांबवा’ असं येईल. बाटलीचा इतिहास माहीत असेल आणि आतलं द्रव स्वच्छ असेल, तर जाणकार व्यक्तीने पेरॉक्साइड तपासायच्या पट्टीने चाचणी घ्यावी. पट्टी नसेल तर थोड्या इथरमध्ये तेवढंच ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड आणि पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाचे काही थेंब घालतात. पिवळी छटा आली तर पेरॉक्साइड आहेत, तपकिरी आली तर बरेच आहेत. दहा लाख भागांत शंभर भाग ही मर्यादा अनेक ठिकाणी शेवटची मानतात. चाचणी स्वच्छ निघाली तर तिची तारीख H मध्ये भरायची, म्हणजे सूत्र नवी मुदत आपोआप देतं. मात्र झाकणाभोवती किंवा तळाशी स्फटिक दिसत असतील, किंवा बाटली कधी उघडली हे कुणालाच ठाऊक नसेल, तर तिला हात लावायचा नाही. झाकण फिरवताना होणारं घर्षणही पुरेसं असतं. खोली बंद करून तज्ज्ञांना बोलवावं.

साठवणुकीच्या रकान्यात ‘थंड व कोरड्या जागी’ असं लिहिण्याची पद्धत आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि इथर ३४.६ अंशांनाच उकळतं. तेव्हा ‘थंड’ म्हणजे किती अंश, ते आकड्यात लिहायला हवं. त्याबरोबर ‘घरगुती फ्रीजमध्ये नको’ हेही लिहावं. साध्या फ्रीजच्या थर्मोस्टॅटमध्ये आणि दिव्याच्या बटनात ठिणगी पडते, आणि आत कोंडलेली इथरची वाफ पेट घेते. ज्वलनशील द्रवांसाठी आतून ठिणगी न पडणारे फ्रीज मिळतात. त्यातही पेरॉक्साइड बनणं थांबत नाही, त्यामुळे सहा महिन्यांची मर्यादा तिथेही लागू राहते.

बाटली कुठे ठेवायची हे मात्र नावाच्या आद्याक्षरावरून ठरवू नये. इंग्रजी वर्णानुक्रमाने कपाट लावलं, तर सोडियम हायपोक्लोराइट आणि सल्फ्युरिक ॲसिड शेजारी-शेजारी येऊ शकतात. दोन्ही बाटल्या फुटून मिसळल्या तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. शीटमध्ये म्हणून साठवणीचा गट लिहावा: ज्वलनशील, ऑक्सिडायझर, आम्ल, अल्कली, पाण्याशी पेटणारे. ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड आम्ल असलं तरी जळणारं आहे. ते नायट्रिक ॲसिडच्या शेजारी न ठेवता ज्वलनशील पदार्थांकडे ठेवतात. वर्णानुक्रम शीटमध्ये ठेवा, कपाटात गट ठेवा. शोधायचं काम शीट करते, त्यामुळे कपाटाला वर्णानुक्रमाची गरज उरत नाही.

धोक्याची खूण लेबलवरून जशीच्या तशी उतरवावी. लाल कडेच्या चौकटीतली नऊ चित्रं ही संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये आणलेल्या जीएचएस पद्धतीची आहेत. तिच्यात १ हा वर्ग सर्वांत घातक असतो. अनेक बाटल्यांवर निळा-लाल-पिवळा-पांढरा असा अमेरिकी अग्निशमन पद्धतीचा चौकोनही असतो, आणि त्यात ४ हा आकडा सर्वांत घातक. दोन्हींचे आकडे एकाच रकान्यात मिसळले की १ वाचून माणूस निर्धास्त होतो, तेही नेमक्या चुकीच्या बाटलीपुढे. त्यामुळे आकड्याऐवजी H संकेत लिहावेत. इथरचा `H224`, म्हणजे द्रव आणि वाफ अत्यंत ज्वलनशील. शेजारी `EUH019`, म्हणजे स्फोटक पेरॉक्साइड तयार होऊ शकतात. हे दोन्ही सुरक्षा-पत्रकाच्या दुसऱ्या विभागात मिळतात, साठवणुकीची माहिती सातव्या विभागात.

शीट करायला घ्याल तेव्हा दोनशे बाटल्यांपासून सुरुवात करू नका. आधी इथर, टेट्राहायड्रोफ्युरान आणि डायऑक्सेन या तीन पेरॉक्साइड बनवणाऱ्या रसायनांच्या बाटल्या शोधा आणि प्रत्येकीची उघडल्याची तारीख भरा. ज्या बाटलीची तारीख कुणालाच सांगता येणार नाही, तिची विल्हेवाट अधिकृत घातक कचरा केंद्रामार्फत लावायची तजवीज करा. सिंकमध्ये ओतू नका. आणि शीटची छापील प्रत स्टोअररूमच्या दाराबाहेर लावा, कारण आग लागते तेव्हा अग्निशमन दलाच्या हाती तुमच्या शीटची लिंक नसते.