खरूज फोटोत का सापडत नाही?

समजा, वसतिगृहात राहणारा एक मुलगा सुट्टीला घरी आला आहे. पोटावर आणि मांड्यांवर लाल पुरळ, रात्री खाजेने झोप नाही. आई पोटाचा फोटो काढून ओळखीच्या डॉक्टरांना पाठवते. एक जण म्हणतात ॲलर्जी, दुसरे म्हणतात घामोळे, औषधाच्या दुकानात नायट्याचे मलम मिळते. तिघांनाही दोष देता येत नाही, कारण त्या फोटोत यातले काहीही असू शकते. खरूजही.

खरूज होते ती सारकॉप्टिस नावाच्या, आठ पायांच्या सूक्ष्म किड्यामुळे. त्याची मादी जेमतेम 0.4 मिलिमीटरची असते. ती त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत थरात आडवे बीळ कोरत पुढे सरकते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. बाहेरून हे बीळ काही मिलिमीटर लांबीची, राखाडी, नागमोडी रेघ म्हणून दिसते, आणि ते बहुधा बोटांच्या बेचक्यांत किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला असते. काख, बेंबीचा परिसर, कंबर आणि जननेंद्रिये याही तिच्या आवडीच्या जागा. तान्ह्या बाळांत तळहात, तळपाय आणि डोकेही सुटत नाही.

गंमत म्हणजे एवढ्या खाजेमागे किडे मूठभरच असतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने रुग्णांच्या अंगावरचे किडे वेचून मोजले. प्रौढ माद्या सरासरी अकराच्या आसपास भरल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक हात-मनगटांवर होत्या. मग पोटावरचे, मांड्यांवरचे पुरळ कशाचे? किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांविरुद्ध शरीराने केलेल्या प्रतिकाराचे. पुरळ जिथे दाट, तिथे किडा असेलच असे नाही. आपण मात्र फोटो काढतो तो सर्वांत लाल जागेचा.

योग्य जागेचा फोटो काढला तरी अडचण उरतेच. बीळ त्वचेच्याच रंगाचे असते, सावळ्या त्वचेवर तर ते आणखी अस्पष्ट दिसते. फ्लॅशच्या उजेडात त्याचा उंचसखलपणा मावळतो, आणि पाठवताना फोटो आकसला की उरलीसुरली रेघही पुसली जाते. शिवाय खाजवून खाजवून बिळे फुटलेली असतात, वर ओरखडे आणि खपल्या आलेल्या असतात. दुकानातून आणलेल्या मलमात स्टेरॉइड असेल तर लाली दबते, किडा मात्र जिवंत राहतो, आणि चित्र अधिकच फसवे होते.

रात्रीची खाज हा मोठा इशारा आहे. अंथरुणात अंग तापते, लक्ष दुसरीकडे नसते आणि खाज असह्य होते. पण इसबाची खाजही रात्री वाढते, म्हणून तो एकटा पुरावा पुरत नाही. सोबत दुसरा प्रश्न विचारावाच लागतो: घरात आणखी कुणाला खाज येते का? आपल्या उदाहरणात मुलगा येऊन महिना उलटला आणि आई व धाकटा भाऊ खाजवू लागले. खरूज पहिल्यांदा होते तेव्हा लागण झाल्यापासून खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. मधल्या काळात अंगावर काही दिसत नाही, पण संसर्ग पसरू शकतो. ही तारखांची संगती फोटोत कुठून येणार?

दवाखान्यात डॉक्टर बेचके ताणून, भिंगातून पाहतात. संशयाच्या रेघेवर शाई चोळून पुसली तर ती बिळात उरते. डर्मोस्कोप या उजेड असलेल्या भिंगाखाली बिळाच्या टोकाशी किड्याचा पुढचा भाग गडद त्रिकोणासारखा दिसतो. ती जागा हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली किडा, अंडे किंवा विष्ठा सापडली की निदान पक्के. काही सापडले नाही म्हणून खरूज नाही, असे मात्र ठरत नाही. किडेच इतके थोडे, की खरवड नेमक्या जागेची नसेल तर हाती काही लागत नाही. तेव्हा बिळे, पुरळाच्या जागा आणि घरातली खाज यांवरून निदान करून उपचार सुरू होतात.

उपचारात बहुधा 5 टक्के परमेथ्रिन मलम मानेपासून तळपायांपर्यंत रात्रभर लावतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा लावतात. घरातल्या सगळ्यांनी, खाज नसली तरी, एकाच दिवशी लावायचे. तान्ही बाळे आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी आधी डॉक्टरांना विचारावे. किडे मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, म्हणून रोज मलम चोपडत बसू नये.

फोटो पाठवायचाच असेल तर बोटांच्या बेचक्यांचा आणि मनगटाचा, तिरप्या उजेडात, जवळून काढून पाठवा. सोबत खाज कधीपासून, रात्री वाढते का, घरात आणखी कुणाला आहे आणि आतापर्यंत कोणते मलम लावले, हे लिहा. आणि एवढे करूनही उत्तर मिळाले नाही, तर दुसरा फोटो काढू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.