जिराफ कुठे झोपवायचा?

नात चार वर्षांची झाली तेव्हा तिला झोपताना नवी कविता हवी झाली. तिच्या मागणीत एकच अट होती : तिने सांगितलेले सगळे प्राणी त्या कवितेत झोपले पाहिजेत. हत्ती, मुंगी, ससा, मगर, उंदीर, जिराफ आणि भीमाशंकरला पाहिलेलं शेकरू, अशी तिची यादी होती. मला वाटलं, दोन संध्याकाळींचं काम. प्रत्यक्षात तीन आठवडे गेले, आणि त्यातला बराच वेळ एकट्या जिराफाने घेतला.

माझी आई अंगाई गायची तेव्हा तिला शब्द मापात बसवण्याची अडचण कधी आली नसेल. ती ओवीच्या चालीवर गायची, आणि ओवी गळ्यात असते. शब्द तोकडा पडला की स्वर ओढायचा, लांबला की भरभर म्हणून टाकायचा. चाल शब्दाला सांभाळून घेते. मी मात्र गाणारी नाही, वाचून दाखवणारी आहे. शिवाय आठवडाभर माझी मुलगी आणि जावईच तिला झोपवणार होते, म्हणजे कविता कागदावरून वाचली जाणार होती. तिथे ठेका शब्दांनीच धरायला हवा.

तो ठेका कुठून घ्यायचा, हे हातानेच ठरवलं. मूल थोपटताना हात एका संथ लयीत पडतो. दोन थापांच्या मध्ये साधारण चार मात्रांचा शब्द बसतो. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, आणि जोडाक्षराचा आघात ज्या अक्षरावर येतो तेही दोनचं. 'हत्ती'तला ह लहान, पण पुढच्या त्तीमुळे त्याच्यावर जोर येतो, म्हणून हत्ती चार मात्रांचा. दोन थापा मिळून आठ मात्रांचं एक आवर्तन होतं. माधव जूलियनांनी 'छंदोरचने'त या आठ मात्रांच्या चालीला पद्मावर्तनी म्हटलंय. अशी दोन आवर्तनं म्हणजे सोळा मात्रांची ओळ, जुन्या लोकांचं पादाकुलक. एका ओळीला चार थापा. मला एवढंच हवं होतं.

पहिली ओळ मी 'झोपला हत्ती' अशी सुरू केली आणि तिथेच हात अडला. झो-प-ला, दोन, एक, दोन, पाच मात्रा. थाप पडायची तिथे 'ला'चा अर्धा भाग उरत होता. मग 'झोपणे' सोडून 'निजणे' घेतलं. निजला, निजली, निजलं, तिन्ही लिंगांत चार-चार मात्रा. प्राण्यांची नावं कधी तो, कधी ती, कधी ते असतात. क्रियापदाचं माप मात्र बदलत नाही. शिवाय निजणे हा शब्द कानाला झोपेच्या अधिक जवळचा. त्यावर पहिलं कडवं आपोआप आलं :

निजला हत्ती, निजली मुंगी,
डोळ्यांवरती आली गुंगी.

चार मात्रांच्या प्राण्यांचं हे सुख आहे. हत्ती, मुंगी, कासव, माकड, अस्वल, चिमणी, गेंडा, कोणालाही उचलून त्या जागी ठेवा, ओळ हलत नाही. चिमणी कागदावर चि-म-णी आहे, बोलताना आपण चिम्-णी म्हणतो; दोन आणि दोन, थाप नेमकी 'चिम्'वर. कासवही तसंच, का-सव्. पण यांतले सगळेच ओळीच्या शेवटी चालत नाहीत. मराठी यमकाला नुसतं शेवटचं अक्षर पुरत नाही, त्याआधीचा स्वरही जुळावा लागतो. मुंगीला गुंगी आहे, हत्तीला बत्ती आहे. अस्वलाला मला कोणीच सापडलं नाही. कासवाला मिळतं ते 'आसव', आणि ते चार वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? म्हणून पहिला नियम असा झाला, की यमक असलेला प्राणी ओळीच्या टोकाला आणि यमक नसलेला पोटात. वाघाचंही असंच. 'बाग', 'जाग' कानाला जवळचे वाटतात, पण घ आणि ग वेगळे. खरं यमक 'माघ', आणि माघात वाघ झोपवायला मला कारण सापडेना.

तीन मात्रांचे प्राणी हा पुढचा प्रश्न. ससा एक मात्रेने कमी पडतो. त्याला ससुला म्हटलं की चार होतात, पण मग यमक जातं. म्हणून ससा ससाच ठेवला आणि ओळीच्या अगदी शेवटी नेला, कारण तिथला आ ओढता येतो :

पानाखाली निजला ससा,
गवतामध्ये दडला कसा!

दोन्ही ओळी पंधरा-पंधरा मात्रांच्या आहेत. सोळावी मात्रा 'सा'च्या लांबण्यात भरते. मगरीला ही सोय नाही. 'मगर' र् वर संपते, आणि र् ओढला तर गुरगुर होते. दोन दिवस मी तिच्या मागेपुढे शब्द लावत बसले, आणि मग लक्षात आलं की मगर एकटीच असायला हवी असं कोणी म्हटलेलं नाही. अनेकवचन केलं की म-ग-री, चार मात्रा. 'निजल्या मगरी' हे आठात अचूक बसलं. निजल्यातला ल्या जोडाक्षर दिसतो, पण त्याचा आघात 'ज'वर पडत नाही. हे डोळ्यांनी नव्हे, कानाने ठरवायचं.

याच काळात मला आपल्या बाळबोलीतल्या नावांकडे वेगळ्या नजरेने पाहावंसं वाटू लागलं. खार तीन मात्रांची, पण खारूताई नेमकी आठांची, एक पूर्ण आवर्तन. वाघ तीनचा, वाघोबा सहाचा, आणि 'वाघोबाही' म्हटलं की पुन्हा आठ. कावळा पाचाचा, अडचणीचा, काऊ चारचा. ताई, दादा, मामा, बा ही नाती मायेने जोडली गेली हे तर खरंच. पण ती टिकली त्याला मापही कारण असावं, असं मला मनापासून वाटतं. तोंडात नीट बसलं नाही ते नाव मुलं पुढे नेत नाहीत.

उंदराला मामा लावूनही उंदीरमामा नऊ मात्रांचा झाला. इथे दीर्घ दी ऱ्हस्व करून 'उंदिरमामा' लिहिलं, आठ मात्रा. आपल्या शुद्धलेखनाच्या नियमांत कवीला वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक दिलेली आहे, आणि ती मी घेतली. पण प्रत्येक वेळी स्वतःला विचारलं : असं आपण बोलतो का? घाईत आपण उंदिर म्हणतोच. म्हणून ते चाललं.

शेकरूने मला गणित आणि ठेका यांतला फरक शिकवला. 'शेकरू निजे' असं लिहिलं. पाच आणि तीन, आठ मात्रा पूर्ण. छंदशास्त्राच्या दृष्टीनेही त्यात खोट नाही, कारण शे-क, रू-नि, जे असे तीन, तीन, दोनचे गट पद्मावर्तनीत येतात आणि पळत्या बडबडगीतात ते छान उडी मारतात. पण थोपटताना दुसरी थाप 'रू'च्या मधोमध पडत होती. हात त्या अक्षराला चिरत होता आणि नात डोळे उघडत होती. उडी मारणारी ओळ झोपवत नाही. शेवटी इथेही रू ऱ्हस्व केला. शेकरु, चार मात्रा, आणि बोलतानाही आपण शेक्-रु असंच झटकन म्हणतो.

रानामधलं वारं थिजलं,
उंचावरती शेकरु निजलं.

'थिजलं म्हणजे?' तिने विचारलंच. थंडीत तूप थिजतं तसं, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने वाटीतल्या तुपाकडे बोट दाखवून 'वारं' म्हटलं.

राहिला जिराफ. मोजायला गेलात तर तो सगळ्यांत सोपा वाटतो : जि एक, रा दोन, फ एक. चार मात्रा. 'निजला जिराफ' आठात बरोबर. मी निर्धास्त होते. मग जावयाने तो कागद पहिल्यांदाच हातात घेऊन वाचला आणि 'निजला जीराफ' म्हणाला. पुन्हा वाच म्हटलं, तरी जीराफ. चूक त्याची नव्हती. थाप 'जि'वर पडत होती आणि शब्दाचं वजन आहे 'रा'वर. जीभ थापेचं ऐकते, म्हणून जि लांबवते. जो वाचणारा कविता प्रथमच पाहतोय, तो जिथे शब्द वाकवतो तिथे ओळ चुकलेली असते. मी स्वतः कितीही वेळा वाचून हे मला कळलं नसतं, कारण मला ओळ कशी म्हणायची ते ठाऊक होतं.

जिराफाला टोपणनाव नाही, त्याचं नातंही कोणी जोडलेलं नाही. अनेकवचनातही तो जिराफच. आणि 'जि'ला कोणती सवलत द्यायची? तो आधीच ऱ्हस्व आहे. म्हणजे शब्द बदलत नाही, जागा बदलायची. 'रा' थापेवर यायचा असेल, तर 'जि' थापेच्या एक मात्रा आधी हवा. म्हणून त्याच्या आधी तीन मात्रांचा शब्द हवा : तीन आणि एक चार, पुढच्या थापेला रा. तो शब्द शोधायला फार लांब जावं लागलं नाही. उंच! उं-च-जि, मग थाप, रा-फ. आता एक मात्रा उरत होती, तिथे 'ही'चा ऱ्हस्व हि बसला.

अंगाई ही गाता गाता
उंच जिराफहि निजला आता.

कागद पुन्हा जावयाकडे दिला. तो सरळ वाचत गेला. 'जि' पटकन गेला, 'रा'वर आवाज टेकला.

यादी संपली म्हणून मी वही मिटली, तर नात म्हणाली, 'आजी, वटवाघूळ राहिलं.' घू ऱ्हस्व केला की सहा मात्रा होतात आणि पुढे 'तर' घातलं की आठ : वट-वा, घुळ-तर. थापाही बरोबर पडत होत्या. पण ते रात्री निजत नाही, हे तिला माहीत होतं. ती मला खोटं लिहू देईना. म्हणून असं झालं :

वटवाघुळ तर आता उठलं,
झोपेचं मग नावच कुठलं!

माप चोख, यमक चोख. रात्री म्हणून पाहिलं. ती उठून बसली आणि वटवाघूळ काय खातं, कुठे जातं, उलटं लटकून दुखतं का, हे अर्धा तास विचारत राहिली. आता ते कडवं आम्ही सकाळी, वेणी घालताना म्हणतो.