फोटो बदलला आणि ऑर्डरी आटल्या

समजा, देवगडचा एक बागायतदार एप्रिलमध्ये फेसबुक-इन्स्टाग्रामवर हापूसच्या पेट्यांची जाहिरात करतो आहे. मुंबई, पुणे आणि नाशिक अशा तीन शहरांसाठी त्याने तीन वेगळे अ‍ॅड सेट केले आहेत. प्रत्येकाला रोजचे 600 रुपये. एका ऑर्डरमागे साधारण 150 रुपये जाहिरातखर्च होतो, म्हणजे प्रत्येक शहरातून दिवसाला चारेक ऑर्डरी. मंगळवारी पुण्यातून दोनच आल्या, म्हणून त्याने फोटो बदलला. गुरुवारी वयोगट वाढवला. शनिवारी बजेट दुप्पट केलं. रविवारी आकडे आणखीच वेडेवाकडे झाले, आणि दोष गेला तो ‘फेसबुकच्या अल्गोरिदम’ला.

अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये ‘Delivery’ नावाचा रकाना असतो. खर्च आणि ऑर्डरींच्या आकड्यांकडे सगळ्यांचं लक्ष असतं. या रकान्याकडे फारसं कुणाचं जात नाही. तिथे त्या आठवड्यात पुण्याच्या ओळीत ‘Learning’ असंच दिसत राहिलं असतं.

‘Learning’ म्हणजे जाहिरात कोणाला, कुठल्या वेळी, कुठल्या जागी दाखवली तर खरेदी होते, याची यंत्रणेची चाचपणी अजून चालू आहे. या काळात प्रत्येक ऑर्डरमागचा खर्च बहुधा जास्त असतो आणि रोज बदलतो. शेवटच्या मोठ्या बदलानंतर आठवडाभरात सुमारे 50 अपेक्षित कृती (इथे ऑर्डरी) मिळाल्या, की अ‍ॅड सेट ‘Active’ होतो. तेवढ्या मिळण्याची चिन्हं नसतील, तर ‘Learning limited’ असा शेरा येतो.

‘शेवटच्या मोठ्या बदलानंतर’ या शब्दांतच सगळी मेख आहे. लक्ष्यगट बदलला, फोटो किंवा मजकूर बदलला, अ‍ॅड सेटमध्ये नवी जाहिरात घातली, जाहिरात सात दिवस किंवा त्याहून जास्त बंद ठेवून पुन्हा सुरू केली, की चाचपणी पुन्हा पहिल्यापासून. बजेटचं मात्र प्रमाणावर असतं. किरकोळ वाढीने सहसा काही बिघडत नाही, मोठ्या उडीने बिघडू शकतं. बागायतदाराने पाच दिवसांत दोनदा तर नक्कीच पाटी कोरी केली, आणि बजेट दुप्पट करून बहुधा तिसऱ्यांदाही.

मुळात ज्यामुळे हे सुरू झालं, त्या मंगळवारच्या दोन ऑर्डरींमध्ये विशेष काही नव्हतंच. सरासरी चार असताना एखाद्या दिवशी दोन, एखाद्या दिवशी सात, हे नुसत्या योगायोगानेही होतं. शिवाय खरेदी उशिरा नोंदवली जाते. मंगळवारी जाहिरात पाहून तिच्यावर क्लिक करणारं गिऱ्हाईक घरात विचारून शुक्रवारी पेटी मागवतं. ती ऑर्डर मंगळवारी पाहिलेल्या आकड्यांत नसतेच. त्यामुळे ताजे आकडे प्रत्यक्षापेक्षा फिके दिसू शकतात.

रकाने निवडण्याच्या यादीत ‘Last significant edit’ असा एक रकाना मिळतो. तो लावून घेतला, की चाचपणी कधी नव्याने सुरू झाली ते कळतं. त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे दिवस एकत्र करून सरासरी काढणं म्हणजे दोन वेगळ्या जाहिरातींची बेरीज करण्यासारखं आहे.

आता साधं गणित. रोज चार म्हणजे आठवड्याला 28. हात न लावताही या तिन्ही अ‍ॅड सेटपैकी एकही 50चा टप्पा गाठणार नव्हता! इलाज म्हणजे तिन्ही शहरं एकाच अ‍ॅड सेटमध्ये घ्यायची आणि त्यामागे सगळे 1800 रुपये लावायचे. अर्थात चाचपणी इथेही नव्यानेच होणार. त्या काळात ऑर्डरमागे 220 रुपये पडले असं धरलं, तरी दिवसाला आठ ऑर्डरी, म्हणजे सहा-सात दिवसांत पन्नास. फक्त त्या आठवड्यात बागायतदाराने फोटोला हात लावता कामा नये, आणि हापूसचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा असल्याने हे सगळं मार्चअखेरीस उरकलेलं बरं.

‘Learning limited’ दिसलं म्हणून घाबरून लगेच मोडतोड करण्याचंही कारण नाही. ऑर्डरमागचे 150 रुपये पेटीच्या नफ्यात बसत असतील, तर तसंच चालू ठेवणं हा रास्त निर्णय आहे.

उलट खरी काळजी करायची ती रकान्यात ‘Active’ असताना, शेवटचा बदल जुना असताना, आणि तरीही सलग काही दिवस ऑर्डरी पडल्या तर. तेव्हा चाचपणीकडे बोट दाखवता येत नाही. मग स्वतः मोबाइलवरून एक पेटी मागवून पाहावी: पैसे भरण्याचं पान उघडतं का, पिनकोड स्वीकारला जातो का, आणि ती ऑर्डर जाहिरातीच्या खात्यापर्यंत पोहोचवणारा पिक्सेल चालू आहे का. वेबसाइटची डागडुजी करताना तो निघून गेला असेल, तर पेट्या विकल्या जात असूनही अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये शून्य दिसतं.