पावसाचा इशारा : कोणाला, केव्हा आणि काय?

कोल्हापुरास पूर येतो तेव्हा शहरात पाऊस पडत असतोच असे नाही. पंचगंगेचे पाणी येते ते राधानगरी, गगनबावडा या घाटाकडच्या मुलखातून. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्या तिकडचे पाणी घेऊन शहराच्या वरच्या अंगास एकत्र होतात. त्यामुळे पेठेत स्वच्छ ऊन पडले आहे आणि नदी मात्र दर तासाला काही इंच चढते आहे, असे दृश्य आम्ही अनेकदा पाहिले आहे. पावसाचा इशारा लिहिणाऱ्याने ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते.

आमच्या पेठेतील तरुणांचे एक स्वयंसेवक मंडळ आहे. पुराच्या दिवसांत ते मोबाइलवर घरोघरी निरोप पाठविते. त्यांचा एक निरोप असा होता : ‘अत्यंत महत्त्वाचे! जिल्ह्यास रेड अलर्ट. पुढील ४८ तासांत अतिवृष्टीची शक्यता. सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे, योग्य ती खबरदारी घ्यावी व सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे. मदतीसाठी १०८, ११२, १०७७, १९१२. सर्वांना पुढे पाठवा.’

यात खोटे असे एकही वाक्य नव्हते. तरीही खालच्या गल्लीतील एक वृद्ध बाई हा निरोप वाचून घरातच राहिल्या. रात्री त्यांना होडीतून बाहेर काढावे लागले. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, “अहो, आमची गल्ली सखल म्हणायची की नाही, ते मला काय ठाऊक? आणि ऊन तर पडलं होतं!” त्यानंतर मंडळाच्या मुलांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि आम्ही तो नव्याने लिहावयास बसलो.

पहिला प्रश्न भागाचा. हवामान खात्याचा रंग पावसासाठी असतो, पुरासाठी नव्हे. २४ तासांत साधारण ६५ ते ११५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार; त्यापुढे सुमारे २०४ पर्यंत अतिमुसळधार; आणि त्याहूनही अधिक झाला तर अत्यंत मुसळधार. जिल्ह्याच्या घाटमाथ्यासाठी हे खाते वेगळा इशारा देते. निरोपात ‘जिल्हा’ एवढाच शब्द आला की हा भेद बुडतो. आमच्या पेठेला पावसाच्या आकड्यापेक्षा कसबा बावड्याजवळील राजाराम बंधाऱ्यावरची पाण्याची पातळी अधिक उपयोगाची. तेथे ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी मानतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये हे पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते.

पण बंधाऱ्यावरचे फूट आणि आपल्या उंबऱ्याचे अंतर यांची सांगड कोण घालणार? त्यासाठी मुलांनी एक वही केली. ज्या घरांच्या भिंतींवर त्या दोन्ही पुरांच्या खुणा आहेत, तेथे जाऊन त्यांनी विचारले : बंधाऱ्यावर किती पाणी असताना तुमच्या दारात आले? जुन्या मंडळींना हे आकडे तोंडपाठ होते. त्या वहीवरून ‘सखल भाग’ हे शब्द गेले आणि त्यांच्या जागी ‘मारुतीच्या देवळापासून नदीकडची गल्ली’ हे शब्द आले.

दुसरा प्रश्न कृतीचा. ‘योग्य ती खबरदारी’ म्हणजे काय, हे वाचणाऱ्याने ठरवायचे असेल तर निरोपाचे काम झाले नाही. आम्ही तीनच गोष्टी ठेवल्या, आणि त्या करावयाच्या क्रमाने ठेवल्या. आधी जनावरांची दावी सोडून त्यांना वर न्यावे. कारण गोठ्यात जनावर बांधलेले असले की माणूस घर सोडीत नाही. मग औषधे आणि कागदपत्रे घ्यावीत. शेवटी विजेचा मुख्य खटका बंद करून निघावे. मात्र खटक्यापाशी पाणी आलेले असेल किंवा अंग ओले असेल, तर त्याला हात लावू नये, तसेच निघावे. गुडघ्याएवढे वाहते पाणीही माणसाचा पाय काढते, म्हणून रस्त्यावर पाणी येण्यापूर्वीची वेळ लिहिणे अगत्याचे होते.

तिसरा प्रश्न दूरध्वनीचा. चार क्रमांक एका ओळीत दिले की घाबरलेला माणूस पहिलाच फिरवितो. पहिला होता १०८, म्हणजे रुग्णवाहिका! म्हणून प्रत्येक क्रमांकापुढे त्याचे काम लिहिले. आणखी एक अडचण निघाली. १०७७ हा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक. पुण्यातील किंवा नागपुरातील मुलाने तो तसाच फिरविला, तर त्याच्या स्वतःच्या जिल्ह्याचा कक्ष लागेल. आईसाठी मदत मागावयाची तर आधी कोल्हापूरचा ०२३१ हा संकेतांक लावावयास हवा. परगावी असलेल्या श्रोत्यांनी एवढे जरूर टिपून ठेवावे. संकेतांक आपापल्या गावाचा घ्यावा.

शेवटी निरोप असा तयार झाला :

‘मंगळवार, सायंकाळी ६. हा निरोप उद्या सकाळी ६ पर्यंतच खरा.
पाऊस घाटात आहे. येथे ऊन असले तरी नदी वाढत आहे. बंधाऱ्यावर आता ३८ फूट; तासाला ३ इंच चढ.
देवळापासून नदीकडची गल्ली : रात्री ९ च्या आत शाळेत या. जनावरे वर न्या. औषधे, कागदपत्रे घ्या. खटका कोरडा असेल तरच बंद करा.
देवळाच्या वरची गल्ली : आज घरीच राहा. नदी पाहावयास जाऊ नका.
जीव धोक्यात : ११२. आजारी माणूस : १०८. होडी किंवा निवारा : १०७७ (परगावाहून ०२३१ लावून). तुटलेली तार : १९१२.
फोनवर आधी घराची खूण सांगा. मग माणसे किती, चालू न शकणारे कोण, पाणी कोठवर.’

मुलांना यात ‘रात्री १० वाजता ३९ फूट होणार’ असे लिहावयाचे होते. गणित बरोबर होते. पण राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की काही तासांनी नदीचा वेग बदलतो आणि ते गणित कोसळते. म्हणून मोजलेले तेवढेच लिहिले. निरोपाला मुदत घातली ती याच कारणाने. तारीख नसलेला निरोप दुसऱ्या दिवशी, कधी दुसऱ्या वर्षीही, फिरत राहतो आणि मग खऱ्या निरोपावरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

पाठविण्यापूर्वी तो कागद आम्ही त्या वृद्ध बाईंना वाचून दाखविला आणि विचारले, “आता आपण काय कराल?” त्या म्हणाल्या, “म्हैस सोडीन, गोळ्या घेईन आणि नवाच्या आत शाळेत येईन.” मग थोडे थांबून म्हणाल्या, “पण रात्री फोन बंद पडला तर?” याचे उत्तर आमच्या कागदात नव्हते. पाणी वीजघरात शिरले की मोबाइलचे मनोरेही मुके होतात. तेव्हा मुलांनी खाली एक ओळ वाढविली : ‘फोन लागत नसेल तर देवळाची घंटा सलग वाजेल, ती ऐकताच निघा.’ आणि त्या गल्लीतील प्रत्येक दारी कोणी जायचे, त्याची नावे वहीत लिहिली.