दोन ओळी, तीन सेकंद

चित्रपट परभाषेतील होता आणि महोत्सवाचे सभागृह तुडुंब भरलेले होते. पडद्यावर एक वृद्ध आई बऱ्याच वर्षांनी परतलेल्या मुलाशी बोलत होती. बोलता बोलता ती थांबली. तिने नजर खाली वळवली, ओठ आवळले. पुढचे वाक्य उच्चारण्यापूर्वीची ती क्षणभराची शांतता हाच त्या दृश्याचा प्राण होता. परंतु ती शांतता सुरू होण्याआधीच सभागृहात एक हलकासा हुंकार उमटून गेला, कारण ती आता काय म्हणणार हे प्रेक्षकांनी पडद्याच्या तळाशी केव्हाच वाचून टाकले होते. अभिनेत्रीने ते वाक्य उच्चारले तेव्हा त्यात नवे असे काही उरले नव्हते.

भाषांतर चुकलेले नव्हते. चुकली होती ती वेळ. सबटायटल म्हटले की आपल्यापुढे भाषांतरकार येतो. मात्र ते पडद्यावर कधी यावे, किती वेळ राहावे आणि दुसरी ओळ कोणत्या शब्दापासून सुरू व्हावी, हे ठरवणे त्या कामाचा निम्मा भाग असतो. घरी बसून पाहणारा प्रेक्षक वाचून न झाल्यास चित्र थांबवू शकतो. सभागृहातल्या प्रेक्षकाला ती सोय नसते. आणि घरीसुद्धा दर पाच मिनिटांनी बटण दाबावे लागले, तर तो चित्रपट पाहणे राहत नाही.

या हिशेबाचा सर्वांत जुना आणि सोपा ठोकताळा दूरचित्रवाणीच्या जगात ‘सहा सेकंदांचा नियम’ म्हणून ओळखला जातो. पूर्ण भरलेल्या दोन ओळी, म्हणजे सुमारे सत्तर अक्षरे, सामान्य प्रेक्षकाला सहा सेकंदांत आरामात वाचता येतात असे त्यात गृहीत धरलेले आहे. सेकंदाला साधारण बारा अक्षरे असा हा वेग झाला. पुढे प्रेक्षक सरावले आणि मर्यादा वाढत गेल्या. नेटफ्लिक्सच्या इंग्रजी सबटायटल्ससाठी पूर्वी प्रौढांच्या कार्यक्रमांत सेकंदाला १७ अक्षरांची मर्यादा होती, ती नंतर २० करण्यात आली. एका ओळीत ४२ अक्षरे, एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी आणि सात सेकंदांपेक्षा अधिक काळ काहीही ठेवायचे नाही, असेही तेथील दंडक आहेत. कमीत कमी वेळही ठरलेला आहे. ‘हो’ एवढाच शब्द असला तरी तो सेकंदाच्या पाच षष्ठांश भागापेक्षा कमी काळ राहता कामा नये, कारण त्याहून कमी वेळात डोळ्यांना काहीतरी चमकून गेल्याचे जाणवते, वाचता मात्र येत नाही.

प्रेक्षकाला खरोखर किती वेग झेपतो, याबद्दल या क्षेत्रात एकमत नाही. आग्निएष्का शार्कोव्स्का आणि ऑलिव्हिया गेर्बेर-मोरोन या संशोधिकांनी २०१८ मध्ये सेकंदाला १२, १६ आणि २० अशा तीन वेगांची सबटायटल्स प्रेक्षकांना दाखवून त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. बहुतेकांना वीसचा वेगही पेलला. उलट, प्रेक्षकाला संवादाची भाषा कळत असेल तर फार संथ सबटायटल त्याला जाचते, कारण बोललेले आणि लिहिलेले यांतली तफावत त्याच्या लक्षात येते आणि तो तीच ओळ पुन्हा वाचू लागतो. तरीही ‘पेलणे’ आणि ‘आरामात वाचणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरून चालत नाही. वाचून झाल्यावर अभिनेत्याच्या चेहऱ्याकडे पाहायला वेळ उरला की नाही, हा खरा प्रश्न.

मराठीत सबटायटल करू लागले की या आकड्यांपुढे एक वेगळीच अडचण उभी राहते. ‘सबटायटल एडिट’सारखी मोफत प्रणाली प्रत्येक ओळीशेजारी सेकंदाला किती अक्षरे पडतात ते दाखवते, आणि मर्यादा ओलांडली की आकडा लाल करते. मात्र संगणकाची अक्षरगणना आणि आपली अक्षरगणना एक नसते. ‘रात्री’ हा शब्द आपल्या दृष्टीने दोन अक्षरांचा. संगणक त्यात सहा चिन्हे मोजतो: र, काना, त, हलन्त, पुन्हा र आणि वेलांटी. ‘स्थानकावर’ आपल्याला पाच अक्षरांचा, संगणकाला नऊ चिन्हांचा. इंग्रजीसाठी बांधलेली मर्यादा मराठीला तशीच लावली, तर नीट वाचता येणारी ओळही लाल होते. मग काम करणारा माणूस एक तर उगीचच वाक्य छाटत सुटतो, नाही तर लाल रंगाकडे दुर्लक्ष करायला शिकतो. दुसरी सवय अधिक घातक, कारण ज्या ओळी खरोखरच वाचून होत नाहीत त्यासुद्धा त्या लालीत लपून जातात.

अर्थात आपली गणनाही निर्दोष नाही. ‘स्था’ हे आपल्या लेखी एक अक्षर असले तरी डोळ्यांना त्याचे ओझे रोमन लिपीतील एका अक्षरापेक्षा जास्तच पडते. म्हणजे संगणक वाचनाचा भार फुगवून सांगतो आणि आपण तो कमी लेखतो. खरे माप या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते. म्हणून मराठीत आकडा इशाऱ्यापुरता घ्यावा आणि निर्णय डोळ्यांवर सोपवावा. ओळीच्या लांबीचेही तेच. काना आणि वेलांटी पडद्यावर जागा खातात, उकार आणि मात्रा खातात ती ओळीच्या खाली किंवा वर. ४२ हा आकडा पाहण्यापेक्षा ओळ प्रत्यक्ष पडद्यावर किती पसरते ते पाहावे.

आता सुरुवातीच्या प्रसंगासारखाच एक प्रसंग उदाहरणादाखल घेऊ आणि त्याला मराठी सबटायटल द्यायचे आहे असे समजू. आईचे बोलणे एकूण साडेचार सेकंदांचे आहे. पहिला भाग २.८ सेकंद, मग ०.७ सेकंद शांतता, आणि शेवटचा भाग एक सेकंद. शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर असे होते: ‘तुझे वडील वारले त्या रात्री मी रेल्वे स्थानकावर तुझी वाट बघत बसले होते, परंतु तू काही आलाच नाहीस.’

संगणकाच्या हिशेबात ही ९७ चिन्हे झाली. साडेचार सेकंदांत ती बसवायची तर सेकंदाला एकवीसहून अधिक पडतात. आपल्या हिशेबात अक्षरे ४३. धावतपळत का होईना, ती वाचता येतील. पण मुख्य दोष वेगाचा नाहीच. आईची शांतता सुरू होण्यापूर्वीच ‘आलाच नाहीस’ हे शब्द पडद्यावर आलेले असतात. म्हणून या वाक्याचे दोन तुकडे करणे भाग आहे. मग पहिला तुकडा २.८ सेकंदांत आरामात बसावा म्हणून त्याला हलके करावे लागते. समोर मुलगाच बसलेला असल्याने ‘तुझे वडील’ऐवजी ‘बाबा’ चालते. ‘रेल्वे स्थानक’ कोणी घरात बोलत नाही, ‘स्टेशन’ म्हणतात. ‘तुझी’ हा शब्द पुढच्या वाक्यातून आपोआप कळतो. ‘परंतु’चे काम शांतता करते. फाइलमध्ये हे असे लिहिले जाईल:

```
212
00:14:03,200 --> 00:14:06,200
बाबा गेले त्या रात्री
मी स्टेशनवर वाट पाहत होते.

213
00:14:06,700 --> 00:14:08,200
तू आलाच नाहीस.
```

पहिला तुकडा तीन सेकंद राहतो. संगणकाची ४७ चिन्हे, म्हणजे सेकंदाला सोळाच्याही आत. दुसरा तुकडा एका सेकंदाच्या बोलण्यासाठी दीड सेकंद ठेवला आहे. वाक्य संपल्यावरही तो अर्धा सेकंद रेंगाळतो, आणि पुढे लगेच कोणी बोलत नसेल तर तसे करण्यास हरकत नसते. मधला अर्धा सेकंद मुद्दाम रिकामा आहे. येथे एक बारीक गोष्ट सांगण्याजोगी आहे. लागोपाठच्या दोन सबटायटल्समध्ये एक तर अगदी सूक्ष्म फट ठेवतात, चित्रपटाच्या दोन चौकटींएवढी, म्हणजे सेकंदाच्या बाराव्या भागाची. ती ठेवली नाही तर मजकूर बदलल्याचे डोळ्यांना कळतच नाही. नाही तर मग निदान अर्ध्या सेकंदाची मोकळीक देतात. या दोहोंच्या मधली फट पडद्यावर लुकलुकल्यासारखी दिसते. या दृश्यात शांतता दिसायलाच हवी, म्हणून मोकळीक.

ओळ कोठे तोडायची याचे उत्तर वरच्या उदाहरणातच आहे. ‘बाबा गेले त्या रात्री’ हा अर्थाचा एक घास, त्यामुळे ओळ तेथे तुटते. ती ‘रात्री मी’नंतर तोडली असती तर दोन्ही ओळींची लांबी थोडी अधिक सारखी झाली असती, पण ‘मी’ आपल्या क्रियापदापासून दूर एकटा लटकत राहिला असता. ‘वाट’ आणि ‘पाहत’, ‘मदत’ आणि ‘केली’, विशेषण आणि नाम, नाव आणि आडनाव, या जोड्या तुटू नयेत. एकट्या वाचकाला पानावर हे खटकत नाही. सबटायटल वाचणारा मात्र प्रत्येक ओळीनंतर चित्राकडे नजर टाकू पाहतो, आणि अर्थ अर्धवट राहिला असेल तर त्याला ते करता येत नाही.

मराठीत याहूनही मोठा सापळा आहे तो नकाराचा. आपला नकार बहुधा वाक्याच्या अगदी शेवटी येतो. ‘मी त्याला पैसे दिले’ एवढे पहिल्या ओळीत आणि ‘नाहीत’ दुसऱ्या ओळीत, असे झाले की प्रेक्षक क्षणभर नेमके उलटे समजतो. दोन स्वतंत्र सबटायटल्समध्ये ही फोड झाली तर तो गैरसमज दोन-तीन सेकंद टिकतो, आणि रहस्यपटात तेवढ्यानेही घोटाळा होतो. इंग्रजीतील नकार वाक्यात लवकर येत असल्याने इंग्रजीसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिका या धोक्यावर भर देत नाहीत. मराठीत काम करणाऱ्याने तो स्वतःच लक्षात ठेवायचा.

हे सगळे जमले की नाही हे स्वतः अनुवाद करणाऱ्याला कधीच कळत नाही. त्याला वाक्ये पाठ झालेली असतात, त्यामुळे त्याचा डोळा वाचत नाही, नुसता ओळखतो. त्यासाठी चित्रपट न पाहिलेला एखादा माणूस गाठावा, आवाज बंद करावा आणि पाच मिनिटांचा तुकडा न थांबवता दाखवावा. मग संवाद काय होते हे विचारू नये, ते तो सांगेलच. आई बोलत असताना तिच्या हातात काय होते, हे विचारावे. ते सांगता आले नाही तर एखादा शब्द अजून जास्त आहे.